थेंब मोजून दिलेल्या कळा

आपल्या नगर जिल्ह्यात ऑक्सिटोसिन हे नाव बऱ्याच घरांत दवाखान्याच्या आधी गोठ्यात ऐकू येते. म्हैस पान्हा चोरू लागली की कोणीतरी ‘इंजेक्शन दे’ म्हणतो, ते हेच. मग घरातली सून बाळंतपणाला दवाखान्यात जाते, तिथे सलाईनच्या बाटलीत तेच औषध घातलेले दिसते आणि सासूबाई, खाला, नणंद सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. औषध इतके जालीम आहे, तर सिस्टर ते एकेक थेंब मोजून का सोडते? जरा भराभर सोडले तर पोरगी लवकर मोकळी होणार नाही का?

हा प्रश्न आम्हाला पालक-भगिनींकडून अनेकदा ऐकायला मिळतो आणि तो अगदी रास्त आहे. म्हणून या महिन्यात त्याचेच उत्तर सविस्तर पाहू.

पान्हा आणि कळा यांचा संबंध आपल्या आज्या-नान्यांना ठाऊक होता. बाळंत झाल्याबरोबर बाळाला छातीशी लावा, म्हणजे वार लवकर पडते, असे त्या सांगत. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते. त्याने स्तनातल्या दुधाच्या पिशव्या आवळतात आणि पान्हा फुटतो. त्याच वेळी गर्भाशयही आवळते, म्हणून पाजताना पोटात कळ येते. एकच संप्रेरक ही दोन्ही कामे करते. ते मेंदूच्या तळाशी तयार होते आणि तिथल्याच पिट्युटरी नावाच्या छोट्या ग्रंथीत साठून राहते. काही दवाखान्यांत या औषधाला ‘पिटोसिन’ म्हणतात, तो शब्द या ग्रंथीच्या नावावरूनच आला.

आता प्रसूतीच्या वेळी काय घडते ते पाहू. गर्भाशय म्हणजे स्नायूंची जाड पिशवी. गरोदरपणाचे बहुतेक महिने ती शांत असते. दिवस भरत येतात तसे तिच्या स्नायूपेशींवर ऑक्सिटोसिनला धरून ठेवणाऱ्या जागा अनेक पटींनी वाढतात. या जागा कुलपासारख्या समजा आणि ऑक्सिटोसिन ही त्यांची किल्ली. किल्ली फिरली की पेशीच्या आत कॅल्शियम सुटते आणि कॅल्शियम सुटले की स्नायूचा धागा आवळतो. शेवटच्या दिवसांत शेजारशेजारच्या पेशींमध्ये बारीक वाटाही तयार होतात, त्यामुळे एका ठिकाणी उठलेली आवळ सगळ्या पिशवीभर पसरते. ती वरून खाली दाब देते आणि बाळाचे डोके गर्भाशयाच्या तोंडावर रेटले जाते. त्या तोंडावर ताण आला की मेंदूला निरोप जातो आणि आणखी ऑक्सिटोसिन सुटते. म्हणून कळा आपोआप वाढत जातात आणि बाळ बाहेर आल्यावरच हे चक्र थांबते.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. कळ जितकी महत्त्वाची, तितकीच दोन कळांमधली विश्रांतीही महत्त्वाची. बाळाला प्राणवायू आईच्या रक्तातून वारेमार्फत मिळतो. ते रक्त आणणाऱ्या नळ्या गर्भाशयाच्या स्नायूंमधूनच जातात. कळ आली की स्नायू आवळतो, नळ्या दाबल्या जातात आणि वारेकडे जाणारे रक्त तेवढा वेळ जवळजवळ थांबते. कळ ओसरली की ते पुन्हा सुरू होते. विहिरीत बुडी मारणारा मुलगा श्वास रोखून खाली जातो आणि वर येऊन श्वास घेतो, तसे बाळाचे चालू असते. धडधाकट बाळ अशा बुड्या तासन्‌तास सहन करते, फक्त प्रत्येक बुडीनंतर वर यायला वेळ मिळायला हवा. कळा एकावर एक येऊ लागल्या तर त्याला वर यायला उसंतच मिळत नाही. थेंब मोजण्याचे पहिले कारण हे आहे.

दुसरे कारण असे की हे औषध कोणाला किती पुरेल हे आधी सांगता येत नाही. तापाची गोळी वजनावरून ठरवतात, तसे इथे जमत नाही. एकीच्या गर्भाशयावर त्या ‘कुलपांची’ संख्या जास्त असते, दुसरीच्या कमी. दिवस किती भरले आहेत, तोंड किती मऊ झाले आहे, आधी किती बाळंतपणे झाली आहेत, यावरही फरक पडतो. एकीला दहा थेंबांत छान कळा येतात, दुसरीला चाळीस थेंब लागतात. त्यामुळे डोस बाटलीवर लिहिलेला नसतो. अगदी थोड्यापासून सुरुवात करायची, कळा पाहायच्या, थांबायचे आणि लागलेच तर थोडे वाढवायचे, हीच त्याची पद्धत आहे.

ही पद्धत बऱ्याच ठेचा खाऊन आली. 1906 साली हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाला आढळले की पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आवळते. काही वर्षांतच डॉक्टर तो अर्क अडलेल्या बाळंतिणींना सुईने देऊ लागले. पण सुई एकदा टोचली की औषध परत काढता येत नाही. कळा इतक्या जोरात आल्या की काही बायकांची गर्भाशये फाटली, काही बाळे आत गुदमरली. 1948 मध्ये इंग्लंडमधल्या थिओबाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच अर्क खूप पातळ करून शिरेतून थेंबाथेंबाने देण्याची रीत मांडली. पुढे 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले आणि 1955 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यामुळे शुद्ध आणि मोजता येणारे औषध हाती आले. आज प्रसूतिकक्षात टांगलेली बाटली या सगळ्या अनुभवातून आलेली आहे.

आता हिशेब करून पाहू, म्हणजे थेंबाची किंमत कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतली रीत अशी आहे की 500 मिलिलिटर सलाईनमध्ये अडीच युनिट ऑक्सिटोसिन मिसळायचे. आपल्याकडे एका छोट्या काचेच्या अँप्युलमध्ये बहुधा पाच युनिट असतात, म्हणजे अर्धी अँप्युल. एका युनिटचे हजार भाग केले तर प्रत्येक भाग एक मिलियुनिट. अडीच युनिट म्हणजे अडीच हजार मिलियुनिट. ते 500 मिलिलिटरमध्ये पसरले, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये पाच. सलाईनच्या नेहमीच्या नळीतून एका मिलिलिटरचे वीस थेंब पडतात. म्हणजे एका थेंबात पाव मिलियुनिट. सुरुवात मिनिटाला दहा थेंबांनी करतात, म्हणजे मिनिटाला अडीच मिलियुनिट.

याच्या शेजारी ‘कळांची सुई’ ठेवून पाहा. पूर्वी खेड्यापाड्यांत घरी बाळंतपण रेंगाळले की एखाद्याला बोलावून दंडावर सुई देण्याची चाल होती आणि ती अजून सगळीकडून गेली आहे असे नाही. पाच युनिटची सुई म्हणजे पाच हजार मिलियुनिट, म्हणजेच वीस हजार थेंबांतले औषध. मिनिटाला दहा थेंबांच्या हिशेबाने तेवढे औषध जायला तेहतीस तासांहून अधिक वेळ लागला असता. सुईने ते स्नायूत एकदम शिरते, काही मिनिटांत काम सुरू करते आणि पुढे एक-दोन तास तरी जोर धरून राहते. मधेच बाळाचे ठोके मंदावले तर कोणीही काही करू शकत नाही. शिरेतल्या थेंबांचे तसे नाही. रक्तातले ऑक्सिटोसिन तीन ते सहा मिनिटांत निम्मे होते. नळी बंद केली की थोड्याच वेळात कळांचा जोर ओसरू लागतो. मागे घेता येणे हाच थेंबांचा खरा फायदा. म्हणून बाळ पोटात असेपर्यंत ऑक्सिटोसिनची सुई स्नायूत कधीच द्यायची नसते.

एक उदाहरण सबंध पाहू. समजा, राहुरीकडची तेवीस वर्षांची मुलगी, पहिलेच बाळंतपण, दिवस पूर्ण भरलेले. रात्री पाणी गेले आणि पहाटे तिला दवाखान्यात आणले. सकाळी नऊला गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडलेले आहे, पण कळा मंद आहेत. दहा मिनिटांत दोनच येतात आणि वीस-वीस सेकंदांत विरून जातात. डॉक्टर आधी पोट तपासतात. बाळाचे डोके खाली आहे ना, ते कमरेच्या हाडांतून उतरेल ना, पूर्वी पोटाचे काही ऑपरेशन झाले आहे का, बाळाचे ठोके नीट आहेत ना. बाळ आडवे असेल किंवा हाडांत अडकले असेल तर कळा वाढवून उपयोग नाही. वाट बंद असताना मागून रेटा वाढवला तर भिंतच फाटते. इथे सगळे ठीक आहे, म्हणून सलाईन लावली.

नऊ वाजता दहा थेंब. सिस्टर घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर थेंब मोजते आणि कागदावर लिहिते. मग अर्धा तास काही वाढवत नाही. नातेवाइकांना हे थांबणे म्हणजे टाळाटाळ वाटते. पण एकदा वेग बदलला की रक्तातले प्रमाण स्थिर व्हायला आणि गर्भाशयाने त्याला पूर्ण दाद द्यायला अर्धा तास ते चाळीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत कळा वाढल्या नाहीत म्हणून लगेच वेग वाढवला, पुन्हा वाढवला, तर अर्ध्या तासाने आधीच्या सगळ्या वाढींचा जोर एकदम अंगावर येतो.

साडेनऊला वीस थेंब, दहाला तीस. साडेदहाला सिस्टर पोटावर हात ठेवून मोजते. दहा मिनिटांत तीन कळा आणि प्रत्येक चाळीस सेकंदांहून जास्त टिकलेली. हवे होते ते एवढेच. आता तीस थेंबांवर चक्री स्थिर. कळा चांगल्या आल्या म्हणून आणखी वाढवायचे नसते. या वेळात दर पंधरा ते तीस मिनिटांनी, कळ ओसरताना, बाळाचे ठोके ऐकले जातात. मिनिटाला 110 ते 160 ठोके असावेत.

बारा वाजून वीस मिनिटांनी चित्र बदलते. दहा मिनिटांत सहा कळा येतात. मधे पोट मऊ पडतच नाही. कळ संपल्यावरही ठोके 96 वर रेंगाळतात. सिस्टर सगळ्यात आधी नळीची चक्री बंद करते, मग मुलीला डाव्या कुशीवर वळवते म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीवरचा भार कमी होतो, आणि डॉक्टरांना हाक मारते. कळा तरीही ओसरल्या नसत्या तर स्नायू सैल करणारे टर्ब्युटालिनचे इंजेक्शन तयार असते. इथे त्याची गरज पडली नाही. दहा मिनिटांत पोट सैल झाले, ठोके 138 वर आले. काही वेळाने डॉक्टरांनी पुन्हा तपासून थेंब निम्म्यावर, पंधरावर सुरू केले. तेवढ्यात पुरेशा कळा आल्या आणि पावणेचारला बाळ झाले. दंडावर सुई दिली असती तर बारा-वीसला बंद करायला चक्रीच नसती.

तीस थेंब दोन तासांहून अधिक वेळ बरे चालले होते, मग बारा-वीसला ते जास्त का झाले? प्रसूती पुढे सरकते तसे तोंडावरचा ताण वाढतो आणि आईचे स्वतःचे ऑक्सिटोसिनही भरात येते. बाहेरून दिलेले आणि आतून आलेले मिळून माप ओलांडते. सकाळचा योग्य वेग दुपारी योग्य राहीलच असे नाही. म्हणून बाळ होईपर्यंत कोणी ना कोणी हाताने कळा मोजत राहावे लागते. मोजायला माणूस नसेल तिथे ही सलाईन लावूच नये.

काही बायकांच्या बाबतीत डॉक्टर अधिकच जपून वागतात. ज्यांचे आधी सिझेरियन झाले आहे, त्यांच्या गर्भाशयावरचा टाका हा कच्चा जोड असतो. ज्यांची चार-पाच बाळंतपणे झाली आहेत, त्यांचा स्नायू थकलेला असला तरी औषधाला चटकन दाद देतो आणि फाटण्याचा धोका त्यांनाच जास्त असतो. ‘पाचवे आहे, पटकन होईल’ असे घरात म्हणतात आणि याच बाईला जास्त वेगाने सलाईन लावा असा आग्रह धरतात. खरे तर उलटे हवे. म्हणून दवाखान्यात गेल्याबरोबर किती बाळंतपणे झाली, सिझेरियन झाले का, गर्भपिशवी साफ केली होती का, हे सगळे न लपवता सांगावे. घरी किंवा वाटेत कोणी सुई दिली असेल तर ते तर पहिल्या वाक्यात सांगावे. नाहीतर वरून सलाईन लागली की दोन्हींचा जोर एकत्र होतो.

गर्भाशय फाटते तेव्हा कसे ओळखावे? आधी पोट सतत दगडासारखे कडक राहते आणि दुखणे कळांच्या मधेही थांबत नाही. मग एकदम वेगळीच तीव्र कळ येते आणि पाठोपाठ कळाच थांबतात. अंगावरून रक्त जाते, बाई पांढरीफटक पडते, बाळाचे ठोके मिळत नाहीत. कळा थांबल्या म्हणजे आराम पडला, असे अशा वेळी कोणी समजू नये. तिला त्या क्षणी ऑपरेशनची गरज असते.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. कोणते बाळंतपण गावात नीट होईल आणि कोणत्या बाईला वेळेवर दवाखान्यात पाठवायला हवे, हे ओळखायला त्या शिकल्या. कळांच्या सुईला खरा पर्याय हाच आहे. बाळंतपण रेंगाळले तर कळा घरी वाढवू नयेत, बाईला घेऊन निघावे.

आता एक कोडे उरते. पावणेचारला बाळ झाल्यावर एका मिनिटाच्या आत त्याच सिस्टरने त्या मुलीच्या मांडीत दहा युनिट ऑक्सिटोसिनची सुई दिली. पोटात दुसरे बाळ नाही एवढे फक्त आधी चाचपून पाहिले. सकाळपासून पाव-पाव मिलियुनिट मोजणाऱ्या बाईने दहा हजार मिलियुनिट एकदम कसे दिले? कारण आता आत गुदमरणारे कोणी नाही. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि गर्भाशय घट्ट आवळले तरच त्या बंद होतात. आता जोरदार, न सुटणारी आवळ हवीच असते. सैल राहिले तर काही मिनिटांत धोक्याइतके रक्त जाते.

इथेही सकाळच्या थेंबांचा हिशेब पुढे येतो. खूप तास, खूप वेगाने ऑक्सिटोसिन दिले गेले असेल तर त्या कुलपांपैकी बरीचशी दाद द्यायची थांबतात. मग बाळंतपणानंतर सुई देऊनही गर्भाशय सैल राहू शकते. म्हणून लांबलेल्या सलाईननंतर सिस्टर बेंबीखाली हात ठेवून पुन्हा पुन्हा दाबून पाहते आणि रक्तावर नजर ठेवते. त्या वेळी ‘आता पोरीला झोपू द्या’ म्हणून तिला अडवू नये.

गोठ्याकडे पुन्हा एकदा वळू. जनावरांसाठी होणाऱ्या गैरवापरामुळे केंद्र सरकारने एप्रिल 2018 मध्ये अधिसूचना काढून हे औषध बनवण्यास खासगी कंपन्यांना मनाई केली आणि ते काम एकाच सरकारी कंपनीवर सोपवले. बाळंतिणींना औषध कमी पडेल, असा आक्षेप घेतला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2018 रोजी ती अधिसूचना रद्द केली. गोठ्यातला गैरवापर रोखायचा आणि प्रसूतिकक्षात औषध कमी पडू द्यायचे नाही, हे दोन्ही सांभाळावे लागते. आपल्या हातात एवढे आहे की गोठ्यातली बाटली बाळंतिणीसाठी कधीही वापरायची नाही. तिची ताकद किती, ती कुठे ठेवली होती, काही ठाऊक नसते. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश थंडीत ठेवावे लागते आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याची ताकद उतरत जाते.

घरच्यांना करता येण्यासारखे एक काम मात्र नक्की आहे. सलाईनच्या चक्रीला हात लावू नका. बाईने हात दुमडला किंवा कूस बदलली तरी थेंबांचा वेग बदलतो. तसे दिसले तर सिस्टरला बोलवा, ती पुन्हा मोजेल. आणि जवळ बसणाऱ्या अम्मीने किंवा खालाने घड्याळ समोर ठेवून, पोटावर हलका हात ठेवून कळा मोजाव्यात. दहा मिनिटांत पाचांहून जास्त कळा आल्या, एखादी कळ मिनिटभराहून जास्त टिकली किंवा मधे पोट मऊ पडेनासे झाले तर लगेच सांगावे. बाहेरच्या बाकावर बसून ‘सलाईन वाढवा’ म्हणण्यापेक्षा हे मोजणे जच्चा-बच्चाच्या जास्त उपयोगाचे आहे.